फॅमिली पोस्टपेडचं बिल घरात कसं वाटायचं: डेटा कमी-जास्त, लाइनी ज्यादा, तरी हिशोब चोख

फॅमिली प्लॅन घेताना सगळे खुश राहतात, आणि तिसऱ्या महिन्यात आई म्हणते, "मी तर फक्त व्हॉट्सअॅप पाहते, मग माझे इतके पैसे काहून?" बहुतेक घरांत दोनच पद्धती चालतात. एक म्हणजे एकूण बिल भागिले माणसं, दुसरी म्हणजे ज्याने जितके जीबी वापरले तितके पैसे. या दोन्ही पद्धती चुकीच्या आहेत आणि त्या का चुकतात ते खाली आकड्यांत दिसेलच. बिलातला प्रत्येक रुपया कशामुळे लागला हे आधी पाहायचं आणि मगच तो कोणाच्या नावावर टाकायचा, एवढं क्रमाने केलं तर महिन्याला दहा मिनिटांचं काम आहे.

समजायला एक घर धरू. नागपुरातल्या मनीषनगरचं घर, सहा लाइनी. दादाच्या नावावर मुख्य कनेक्शन, तो मिहानमध्ये कामाला, दिवसभर ऑफिसचं वायफाय. वहिनी, आई, बाबा घरच्या वायफायवर. धाकटी ताई पुण्यात होस्टेलला, तिथे वायफाय नावापुरतंच म्हणून ती सगळं मोबाइल डेटावरच चालवते. आणि सहावी सिम माणसाकडे नाहीच, ती काटोलच्या संत्र्याच्या बगीच्यात पाण्याची मोटार फोनवरून चालू करायच्या मोबाइल स्टार्टरमध्ये बसवलेली आहे. तो बगीचा बाबा आणि काका दोघांचा सामाईक.

प्लॅनचे दर उदाहरणापुरते असे धरू: मुख्य भाडं ₹699, त्यात सगळ्यांना मिळून 100 जीबी. प्रत्येक ज्यादा लाइनीचे ₹200. 100 जीबी संपल्यावर ₹10 प्रति जीबी. तुमच्या कंपनीचे दर वेगळे असतील, तिथे तुमच्या बिलातले आकडे टाका, पद्धत तीच राहते.

## 1. हिशोबाला बसायच्या आधी काय गोळा करायचं

आधी बिलाची पूर्ण पीडीएफ काढा. मेसेजमध्ये येतो तो फक्त एकूण आकडा, त्यावरून काहीच वाटता येत नाही. पीडीएफ मुख्य कनेक्शनवाल्याच्या ईमेलवर येते किंवा कंपनीच्या अॅपमध्ये सापडते, बऱ्याचदा तिला पासवर्ड असतो आणि तो कसा बनवायचा ते त्याच ईमेलमध्ये लिहिलेलं राहते. त्या पीडीएफमध्ये लाइनीनुसार पान असतं तेच आपल्याला हवं आहे.

मग बिलिंग सायकलच्या तारखा पाहा. बिल 1 तारखेपासून 30 पर्यंतचं असेलच असं नाही, समजा 12 तारखेपासून पुढच्या 11 तारखेपर्यंतचं आहे. आता ताई फोनच्या सेटिंगमध्ये पाहून सांगते "माझे 40 जीबी झाले", पण तिचा फोन 1 तारखेपासून मोजून राहिला आहे. म्हणजे दोघांचे महिनेच वेगळे! अँड्रॉइड फोनमध्ये डेटा वापराच्या सेटिंगमध्ये सायकलची तारीख बदलता येते ती बिलाच्या तारखेला लावून टाका. आयफोनमध्ये मोबाइल डेटाचा आकडा आपोआप शून्य होत नाही, हाताने रीसेट करावा लागतो, त्यामुळे कित्येकांच्या फोनमध्ये तो आकडा दोन-दोन वर्षांचा साचलेला असतो आणि तो पाहून घरातले घाबरतात.

तरीही शेवटी हिशोबाला फोनचा आकडा धरायचा नाहीच, कंपनीच्या अॅपमध्ये त्या लाइनीपुढे जो वापर दिसतो तोच धरायचा. याचं मोठं कारण 5जी आहे. ज्या प्लॅनमध्ये 5जी अमर्यादित आहे तिथे 5जीवर वापरलेला डेटा कोट्यातून कापला जात नाही, फक्त 4जीवरचा कापला जातो. फोनला हा फरक कळत नाही, तो दोन्ही मिळून एकच आकडा दाखवतो. त्यामुळे 5जी फोनवाला 90 जीबी वापरूनसुद्धा सगळ्यांच्या सामाईक डेटामधले, म्हणजे पूलमधले 15 च खातो आणि जुना 4जी फोनवाला 30 वापरून तीसच्या तीस खातो. फोनचे स्क्रीनशॉट मागवून वाटणी केली तर इथेच अन्याय होतो.

⚠️ तपासा: सगळ्या लाइनींचा अॅपमधला वापर जोडला की तो बिलात लिहिलेल्या एकूण डेटा वापराच्या जवळपास यायला पाहिजे. मोठा फरक असेल तर सायकल चुकली आहे किंवा एखादी लाइन सुटली आहे. सुटते ती बहुतेक वेळा माणसाकडे नसलेलीच सिम, म्हणजे सीसीटीव्हीची किंवा जुन्या डोंगलची.

## 2. डेटा सामाईक आहे का वेगळा, हे आधी पक्कं करा

काही प्लॅनमध्ये सगळा डेटा एका पूलमध्ये असतो आणि सगळे त्यातूनच ओढतात. काहींमध्ये प्रत्येक लाइनीचा कोटा वेगळा राहतो. काहींमध्ये दोन्ही मिसळलेलं, मुख्य पूल सामाईक आणि प्रत्येक ज्यादा लाइन आपल्यासोबत थोडे जीबी घेऊन येते.

कोटा वेगळा असेल तर काम सोपं आहे, प्रत्येकाने आपल्या लाइनीचं भाडं आणि आपल्याच ज्यादा वापराचं द्यायचं, मग टप्पा 4 सोडून द्या. पूल असेल तर पुढचं सगळं लागेल.

कोटा संपल्यावर काय होतं तेही इथेच पाहून ठेवा. काही प्लॅन पैसे लावतात, काही फक्त स्पीड पाडतात. स्पीड पडत असेल तर बिलात ज्यादा वापराची ओळच येणार नाही, पण मग कोणीतरी कंटाळून डेटा पॅक मारतो आणि त्याचे पैसे बिलात येतात. तो पॅक पूलमध्ये जात असेल तर मारणाऱ्याच्या माथी टाकायचा नाही, तो ज्यादा वापराचाच खर्च आहे. बटण कोणी दाबलं ते पाहायचं नाही, पूल कोणामुळे संपला ते पाहायचं.

## 3. बिलाचे तीन ढीग करा

सगळा खेळ इथे आहे. पीडीएफ समोर घ्या आणि कर सोडून प्रत्येक ओळ तीनपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग, लाइनीचं भाडं. नंबर चालू ठेवायचे पैसे, डेटा वापरा की नका वापरू.

दुसरा ढीग, पूलची किंमत आणि पूल संपल्यावरचे ज्यादा पैसे.

तिसरा ढीग, ज्याचं त्याचं. आयएसडी कॉल, परदेशातलं रोमिंग, कॉलर ट्यून, कोणी चालू केलेली पैशाची सर्व्हिस. बिलात ज्या नंबरखाली लिहिलं आहे त्यानेच द्यायचं, यात चर्चा नाही.

अडचण येते ती मुख्य भाड्याच्या ₹699 ची. हे एकट्या दादाचं नाही, कारण त्यात सगळ्यांचा डेटा आहे. पण सगळं डेटाचंही नाही, कारण त्यात दादाची लाइनसुद्धा आहे. मग तोडायचं कुठे? उत्तर कंपनीनेच देऊन ठेवलंय. नुसत्या एका ज्यादा लाइनीचे ती ₹200 घेते, म्हणजे लाइनीचा भाव ₹200. दादाच्या लाइनीलाही तोच भाव लावा. 699 मधून 200 गेले, उरले ₹499, ही झाली 100 जीबीच्या पूलची किंमत.

म्हणजे आपल्या घरात लाइनीचं भाडं 6 × 200 = ₹1,200 आणि पूल ₹499. दोन्ही मिळून ₹1,699. आता बिलाकडून उलटं तपासा: 699 + पाच ज्यादा लाइनींचे 1,000 = 1,699. जुळलं तर पुढे जा.

(ज्यादा लाइन सोबत डेटा घेऊन येत असेल तर लाइनीचा भाव थोडा फुगलेला निघेल. माझ्या मते पाच-दहा जीबीसाठी त्यात डोकं घालू नका, ते जीबी सरळ पूलमध्ये जोडा.)

⚠️ इथे सगळ्यात जास्त चूक होते: लोक "एकूण देय रक्कम" उचलतात आणि वाटायला बसतात. त्या रकमेत मागची बाकी, मागच्या वेळी भरलेले ज्यादा पैसे, कधी अनामत रक्कम, सगळं मिसळलेलं असतं. वाटायची ती फक्त *चालू महिन्याची* रक्कम. मागची बाकी ज्याची राहिली होती त्याच्या नावावर वेगळी लिहा.

## 4. पूलचे हिस्से आधीच ठरवा, वापर पाहून नंतर नाही

पूलची किंमत वापराच्या प्रमाणात वाटावी असं पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं. पण त्याने दोन गोष्टी होतात. एक तर दर महिन्याला प्रत्येकाचा आकडा हलतो, आईने काहीच बदललं नाही तरी ताईने कमी वापरला म्हणून आईचा हिस्सा वाढतो, हे आईला समजावून दाखवा बरं. दुसरं म्हणजे पूलचे ₹499 तर 40 जीबी वापरले तरी लागणार आणि 100 वापरले तरी तेवढेच लागणार. तो खर्च वापराने होत नाही, इतका मोठा पूल *घ्यायचं ठरवल्याने* होतो. म्हणून ज्याच्यासाठी जितका घेतला त्याने तितके द्यायचे.

मागच्या तीन बिलांमधला प्रत्येकाचा वापर काढा, साधारण सरासरी पाहा, आणि सगळ्यांना विचारून 100 जीबीचे हिस्से ठरवा. आपल्या घरात असे ठरले: ताई 40, दादा 20, वहिनी 20, आई 10, बाबा 10. स्टार्टरची सिम शून्य, कारण ती मिस कॉल आणि एसएमएसवर चालते, तिला डेटा लागत नाही.

499 भागिले 100, म्हणजे एका जीबीचे ₹4.99. ताईचे ₹199.60, दादा आणि वहिनीचे ₹99.80 प्रत्येकी, आई आणि बाबांचे ₹49.90 प्रत्येकी. हे आकडे आता महिनोन् महिने तेच राहतात.

हिस्से ठरवताना मे महिन्याचं बिल सरासरीत धरू नका. नागपुरात मे-जूनमध्ये वादळ आलं की लाइट जाते, लाइट गेली की वायफाय बंद, आणि घरातले सगळे मोबाइल डेटावर येतात, त्यात सुट्टीमुळे लेकरं घरीच. त्या एका महिन्यावरून हिस्से ठरवले तर वर्षभर चुकीचे राहतील. पुण्यात परीक्षा संपून ताई दीड महिना घरी येते तो महिनाही सोडा.

ज्या प्लॅनमध्ये उरलेला डेटा पुढच्या महिन्यात जातो तिथे "माझे उरलेले चार जीबी माझेच" असं धरू नका, ते पूलचे. नाहीतर हिशोबाला अंत राहत नाही.

## 5. पूल संपला तर ज्यादाचे पैसे कोणाचे

या महिन्याचा वापर पाहू: ताई 58, दादा 22, वहिनी 18, आई 9, बाबा 6. एकूण 113. पूल 100, म्हणजे 13 जीबी वर गेले आणि बिलात ₹130 लागले.

ताई आपल्या हिश्शाच्या 18 वर गेली, दादा 2 वर. दोघं मिळून 20. पण पैसे तर 13 चेच लागले, कारण वहिनी, आई, बाबांचे मिळून 7 उरले होते आणि त्या दोघांनी ते वापरले. म्हणून ₹130 हे 18 आणि 2 च्या प्रमाणात वाटायचे: ताई ₹117, दादा ₹13. वहिनी, आई, बाबा शून्य.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. हिश्शाच्या वर गेला पण पूल संपला नाही, तर त्या महिन्यात कोणाकडून काहीच घ्यायचं नाही, कारण कंपनीने काही लावलंच नाही. दंड म्हणून पैसे घेणं सुरू केलं की लोक उरलेला डेटा वाया जाऊ देतात पण एकमेकांना देत नाहीत. आणि ज्यांचे जीबी उरले त्यांना ताईने "भाडं" द्यावं असंही करू नका, घरातल्या घरात जीबी विकायला लागलात तर प्लॅन मोडतोच.

हॉटस्पॉटचं आधी ठरवून घ्या. हॉटस्पॉटवरचा सगळा वापर ज्याच्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्याच्याच लाइनीवर पडतो. लाइट गेली, दादाच्या हॉटस्पॉटवर वहिनीने लॅपटॉप लावून ऑफिसची मीटिंग केली, तर दादाचे जीबी वाढतात. मी तर सांगतो, घरच्यांसाठी दिलेल्या हॉटस्पॉटची ग्रुपमध्ये एक ओळ टाकून ठेवायची, "आज संध्याकाळी वहिनीसाठी हॉटस्पॉट, अंदाजे 2 जीबी", आणि महिन्याच्या शेवटी तितके जीबी इकडचे तिकडे करायचे. होस्टेलमधल्या मैत्रिणींना दिलेला हॉटस्पॉट मात्र ताईचाच.

⚠️ तपासा: वर गेलेल्यांचे जीबी वजा बाकीच्यांचे उरलेले जीबी = बिलातले ज्यादा जीबी. आपल्याकडे 20 − 7 = 13. जुळलं नाही तर वाटणीला हात लावू नका, आधी वापराचे आकडे परत पाहा.

## 6. ज्याचं त्याचं, आणि सगळ्यात शेवटी जीएसटी

बाबांनी अमेरिकेतल्या आत्याच्या लँडलाइनवर कॉल लावला, त्याचे ₹60. ते बाबांच्या नावावर.

करापूर्वीची बेरीज: 1,699 + 130 + 60 = ₹1,889. यावर 18 टक्के जीएसटी, बिलात तो 9 टक्के सीजीएसटी आणि 9 टक्के एसजीएसटी असा दोन ओळींत दिसतो, मिळून ₹340.02. एकूण ₹2,229.02.

आता हे ₹340 सहा लाइनींत सारखे वाटायचे नाहीत. कर प्रत्येक रुपयावर लागला आहे, म्हणून प्रत्येकाची करापूर्वीची रक्कम आधी पूर्ण करा आणि मगच तिला 1.18 ने गुणा. करासकट रक्कम घेऊन तिचे तुकडे करायला गेलात तर बाबांचा आयएसडीवरचा कर आईच्या डोक्यावर जातो. आणि प्लॅनच्या जाहिरातीतला दर पाहून हिशोब करणारे याच 18 टक्क्यांनी दर महिन्याला कमी पडतात, मग ती तूट मुख्य कनेक्शनवाला गुपचूप भरत राहतो.

| लाइन | भाडं | पूल | ज्यादा | स्वतःचं | करासकट |
|---|---|---|---|---|---|
| दादा | 200 | 99.80 | 13 | 0 | 369 |
| वहिनी | 200 | 99.80 | 0 | 0 | 354 |
| आई | 200 | 49.90 | 0 | 0 | 295 |
| बाबा | 200 | 49.90 | 0 | 60 | 366 |
| ताई | 200 | 199.60 | 117 | 0 | 610 |
| स्टार्टर | 200 | 0 | 0 | 0 | 236 |

बेरीज ₹2,230, बिलापेक्षा 98 पैसे जास्त, कारण रुपयात पूर्ण केलं. ते पुढच्या महिन्यात धरायचे, पैशांवरून डोकं लावायचं नाही.

शीटमध्ये करत असाल तर बी ते ई या रकान्यांत चार रकमा टाका आणि शेवटच्या रकान्यात एवढंच:

```
=ROUND(SUM(B2:E2)*1.18,0)
```

आता त्या दोन नेहमीच्या पद्धतींशी ताडून पाहा. सरळ सहाने भागलं असतं तर प्रत्येक लाइनीला ₹372 आले असते, म्हणजे आईने 295 च्या जागी 372 दिले असते आणि ताई 610 च्या जागी 372 मध्ये सुटली असती. जीबीप्रमाणे केलं असतं तर ताईला ₹1,144 पडले असते आणि बाबांना फक्त ₹118, जेव्हा की बाबांची लाइन आणि आयएसडी एवढ्यालाच करासकट ₹307 खर्च झाला आहे. स्टार्टरची सिम तर फुकटात गेली असती.

## 7. लाइनीचा हिशोब वेगळा, पैसे देणारा वेगळा

वरचा तक्ता लाइनींचा आहे, माणसांचा नाही, आणि हे दोन मिसळल्याने फार गोंधळ होतो. आधी लाइनींचा हिशोब पूर्ण बंद करा, नंतर दुसऱ्या रकान्यात देणारा लिहा. दादा आणि वहिनीचे मिळून दादा देतो, ₹723. आईचे बाबा देतात. स्टार्टरचे ₹236 बगीच्याचे, म्हणून अर्धे बाबा, अर्धे काका, ₹118 प्रत्येकी. काका प्लॅनमध्ये नाहीत तरी देणारे आहेत. स्टार्टरची सिम "दादाच्या नावावर आहे म्हणून दादाची" असं धरणं चुकीचं, ती ज्याच्या कामाची त्याची.

"आईबाबांचं आम्हीच भरतो" असं ठरलं असेल तर खूपच छान, पण तेही देणाऱ्याच्या रकान्यातच लिहा, लाइनीचा आकडा शून्य करू नका. नाहीतर सहा महिन्यांनी आईची लाइन खरंच कितीला पडते ते कोणालाच माहीत राहत नाही.

पैसे ड्यू डेटच्या निदान चार दिवस आधी मुख्य कनेक्शनवाल्याच्या खात्यात यायला हवेत. बिल त्याच्या नावावर आहे, कंपनी त्यालाच विचारणार, आणि थकलं तर एकट्या थकवणाऱ्याची लाइन बंद होत नाही, सगळ्यांच्या सहा लाइनींवर येतं. बहुतेक वेळा आधी आउटगोइंग बंद होतं. माणसाला ते लगेच कळतं, स्टार्टरचं कळत नाही: मिस कॉल आत जातो, पण मोटार चालू झाली की नाही हे सांगणारा उलट मेसेज येत नाही. उन्हाळ्यात आंबिया बहाराला पाणी द्यायचं असताना हे फार महागात पडतं. ऑटोपे लावून ठेवा आणि वाटणीचे पैसे मागून गोळा करा, हे मला सगळ्यात सुरक्षित वाटतं.

लेट फी लागली तर ती ज्याचे पैसे उशिरा आले त्याची. सगळ्यांचे वेळेत आले होते आणि भरणाराच विसरला, तर त्याची. लेट फीवरही जीएसटी लागतो, तीही 1.18 ने गुणा.

## 8. मध्येच लाइन जोडली तर

नवीन लाइन सायकलच्या मध्ये चालू झाली की पहिल्या बिलात दिवसांप्रमाणे भाडं येतं. 30 दिवसांच्या सायकलमध्ये शेवटचे 10 दिवस चालली तर 200 × 10 ÷ 30, म्हणजे ₹66.67. कंपनी भाडं आगाऊ घेत असेल तर याच बिलात पुढच्या पूर्ण महिन्याचे ₹200 पण दिसतील, सिमचे किंवा चालू करायचे पैसे असतील तर तेही. हे सगळं नव्या लाइनीच्याच नावावर टाका. पहिलं बिल पाहून "प्लॅन महाग निघाला" असं ठरवू नका, दुसरं येऊ द्या.

आणि नवीन माणूस डेटा वापरणारा असेल तर पूलचे हिस्से पुढच्या सायकलच्या पहिल्या दिवसापासून बदला, मध्येच नाही.

## 9. कोणी बाहेर पडायचं म्हणत असेल तर आधी हा आकडा काढा

ताई म्हणते, "मला ₹610 पडतात, मी वेगळा प्लॅन घेते." तिचं चूक नाही. पण ती गेली तर घराचे ₹610 वाचत नाहीत. तिच्या लाइनीचे 200 वाचतात, आणि ती गेल्यावर वापर 55 जीबीवर येतो म्हणून ज्यादाचे 130 पण वाचतात. झाले 330, करासकट ₹389. पूलचे ₹499 तसेच राहतात आणि तिचे ₹199.60 बाकीच्यांवर येतात.

म्हणून तिला पुरेल एवढ्या डेटाचा वेगळा प्लॅन ₹389 च्या आत मिळाला तर जाऊ द्या, त्यात घराचा एकूण खर्च कमीच होतो. 389 आणि 610 च्या मधला असेल तर तिचं वाचतं पण घराचा एकूण खर्च वाढतो, तेव्हा तिच्या हिश्शातून थोडे कमी करून तिला थांबवणं घराला परवडतं. तुलना करताना प्रीपेडचे 28 दिवस महिना धरू नका, वर्षात असे 13 रिचार्ज होतात. प्रीपेडच्या दरात कर आधीच धरलेला असतो, पोस्टपेडच्या दरावर तो वरून लागतो, त्यामुळे दोन्ही करासकटच समोरासमोर ठेवा.

ताई राहिली आणि तीन महिने लागोपाठ पूल संपत गेला, तर वरचा प्लॅन पाहा. आपल्याकडे ज्यादाचे करासकट ₹153 जातात, तर वरच्या प्लॅनचा फरक करासकट 153 पेक्षा कमी असेल तेव्हाच बदला. आणि वाढलेल्या पूलमधला मोठा हिस्सा ताईच्या नावावर टाका, कारण तो तिच्यासाठीच वाढवला.

जायचंच ठरलं तर क्रम महत्त्वाचा आहे. सिम कोणाच्या नावावर आहे ते पहिलं पाहा. ज्यादा लाइनी बऱ्याचदा मुख्य कनेक्शनवाल्याच्याच नावावर निघतात, आणि नंबर पोर्ट होतो तो ज्याच्या नावावर आहे त्याच्याच नावाने. दादाच्या नावाची सिम ताई आपल्या आधारवर पोर्ट करायला गेली तर अर्ज अडकतो. म्हणून आधी मालकी ताईच्या नावावर करून घ्या, मग आलेलं बिल पूर्ण भरा, कारण पोस्टपेडची बाकी असली की पोर्टिंग थांबतं. त्यानंतर त्याच नंबरवरून 1900 ला PORT, एक स्पेस, आणि दहा अंकी नंबर असा एसएमएस पाठवायचा. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. नागपूर आणि पुणे एकाच महाराष्ट्र सर्कलमध्ये येतात, त्यामुळे ताईने पुण्यातल्या दुकानात जाऊन केलं तरी ते सर्कलच्या आतलंच पोर्टिंग, साधारण तीन कामाचे दिवस लागतात.

ती गेल्यावर एक शेवटचं बिल येतं, तिच्या लाइनीच्या चालू दिवसांचं. ते येईपर्यंत तिचं नाव शीटमधून काढू नका.